भाडेकरारातली कलमं: सोपी करून वाचा, पण एकही शब्द न गाळता

पहिल्यांदाच भाड्याने घर घेणाऱ्या मुलामुलींचा प्रश्न बहुतेक वेळा एकाच वळणाचा असतो. "एजंट म्हणतो, करार स्टँडर्ड आहे, सगळ्यांचा असाच असतो. पण आम्हाला तो कळतच नाही. सोप्या भाषेत सांगाल का?" सोप्या भाषेत सांगता येतं, अडचण तिथे नाही. सोपं करताना एखादा छोटा शब्द गळून पडतो आणि पुढे भांडण नेमकं त्याच शब्दावर होतं. 'दोन महिन्यांचं भाडं' आणि 'लॉक-इनचं उरलेलं भाडं' या दोन्ही गोष्टी बोलण्यात सारख्याच वाटतात. हिशेब करायला बसलं की फरक वीस-तीस हजारांचा निघतो.

म्हणून या लेखात मी प्रत्येक कलम आधी करारात असतं तसं, मग घरात बोलतो तसं, आणि शेवटी त्यातला कोणता शब्द सुटू द्यायचा नाही हे, अशा क्रमाने सांगणार आहे. सगळी कलमं घेणार नाही. ज्यांच्यावरून खरोखर पैसे जातात तेवढीच घेते.

उदाहरणासाठी एकच घर धरू. पुण्यात कोथरूडला एक खोली-हॉल-स्वयंपाकघराचा फ्लॅट. भाडं 20,000 रुपये, डिपॉझिट 60,000 रुपये, करार 1 जून ते 30 एप्रिल असा 11 महिन्यांचा, लॉक-इन सहा महिन्यांचं. भाडेकरू म्हणजे नाशिकहून पहिल्या नोकरीसाठी आलेली मुलगी. तिच्या जागी तुम्ही आहात असं समजा.

तुमच्या हातातला कागद 'भाडेकरार' नसतो

आपण तोंडाने भाडेकरार म्हणतो. कागदावर मात्र 'लिव्ह अँड लायसन्स' लिहिलेलं असतं. मालक म्हणजे लायसन्सर, तुम्ही लायसन्सी आणि भाडं म्हणजे 'परवाना शुल्क' किंवा 'मोबदला'. शब्द बदलले की हक्कही बदलतात.

करारातलं वाक्य साधारण असं असतं: *'या कराराने लायसन्सीच्या लाभात कोणताही भाडेकरू हक्क किंवा जागेत हितसंबंध निर्माण होत नाही.'*

घरगुती भाषेत: मालक तुम्हाला ठरलेल्या मुदतीसाठी राहायची परवानगी देतोय, घरावर हक्क देत नाही. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात परवान्याची जी व्याख्या आहे ती हीच.

इथे सुटू न द्यायचा शब्द म्हणजे 'मुदतीसाठी'. मुदत संपली की परवानगी संपली. 'मी नियमित भाडं भरतेय, मला काढू शकत नाहीत' हे जुन्या पागडीच्या भाडेकरूंबद्दल ऐकलेलं वाक्य तुम्हाला लागू होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 प्रमाणे मुदत संपल्यावर राहत्या घराचा ताबा परत मागण्याचा हक्क मालकाला आहे. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे जी फार थोड्यांना माहीत असते. ताब्याच्या अशा प्रकरणात लेखी करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. 'मालक तोंडी म्हणाले होते, दोन वर्षं राहा' हे तिथे उपयोगी पडत नाही. तोंडी जे ठरेल ते कागदावर आणा, एवढा एक नियम पाळलात तरी निम्मा धोका टळतो.

नोंदणी: '11 महिन्यांचा आहे, नोंदवायची गरज नाही'

हे वाक्य तुम्ही ऐकणारच. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, या नोंदणी कायद्यातल्या तरतुदीवरून 11 महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 ने ती पळवाट बंद केली आहे. इथे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. स्टॅम्प पेपरवर दोन सह्या आणि नोटरीचा लाल शिक्का असलेला करार कितीही भारदस्त दिसला तरी कलम 55 ची अट त्याने पूर्ण होत नाही.

मालक नोंदणीला तयार नसेल तर भांडू नका, त्याचाच फायदा त्याला सांगा. नोंदणीकृत करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे कलम 55 मध्येच लिहिलेलं आहे. बहुतेक मालक हे ऐकल्यावर राजी होतात.

खर्चाची भीती घालणारे एजंट असतात, म्हणून आकडेही पाहून घ्या. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या 0.25 टक्के. एकूण रक्कम म्हणजे सगळ्या मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के दराने धरलेलं व्याज. आपल्या उदाहरणात भाडं 2,20,000 आणि 11 महिन्यांचं व्याज 5,500, मिळून 2,25,500. त्याचे 0.25 टक्के म्हणजे साधारण 564 रुपये. शहरी भागात नोंदणी फी 1,000 रुपये, ग्रामीण भागात 500. याउपर एजंट जे मागतो ती बहुतांशी त्याच्या सेवेची किंमत असते. सरकारी खर्च कोण भरणार हे आपसात ठरतं. अनेक ठिकाणी तो निम्मा-निम्मा वाटून घेतात.

लॉक-इन आणि नोटीस: दोन कलमं, पण वाचायची एकत्र

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं थांबून पाहू.

*'पहिले सहा महिने लॉक-इन कालावधी राहील. या कालावधीत लायसन्सीने जागा सोडल्यास उर्वरित लॉक-इन कालावधीचा मोबदला देणे त्यास बंधनकारक राहील.'*

घरगुती भाषेत: सहा महिन्यांच्या आत गेलात तर सहा महिन्यांतले जे उरलेत त्यांचं भाडं द्यायचं.

आता समजा, चार महिने झाल्यावर तुमची नागपूरला बदली झाली. सहातले दोन महिने उरले, म्हणजे 40,000 रुपये. करार 11 महिन्यांचा आहे म्हणून उरलेल्या सात महिन्यांचं भाडं कोणी मागत असेल, तर या वाक्याप्रमाणे ते देणं लागत नाही. 'उर्वरित लॉक-इन' हे दोन शब्द तुमच्या बाजूचे आहेत. ते गाळून 'उर्वरित कालावधीचा मोबदला' एवढंच छापलेलं असेल, तर सहीआधी दुरुस्त करून घ्या.

काही करारांत याऐवजी 'संपूर्ण डिपॉझिट जप्त होईल' असं असतं. मग तेच 60,000 होतात. यावर कायद्याचं एक बंधन आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते. पाचव्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच मालकाला नवा भाडेकरू मिळाला असेल, तर त्याचं नुकसान किती झालं हा प्रश्न विचारता येतो. पण हा दिलासा कागदावरचा आहे. पैसे मालकाच्या हातात असतात आणि दाद मागायला जावं लागतं तुम्हाला. म्हणून ही एक ओळ आधीच घालून घ्या: *'जागेस नवीन लायसन्सी मिळाल्यास, त्या तारखेपासून पुढील लॉक-इन मोबदला देय राहणार नाही.'* वाजवी मालक याला सहसा नाही म्हणत नाहीत.

आता नोटीस. या दोन वाक्यांतला फरक शोधा:

- *'लॉक-इन कालावधी संपल्यानंतर उभयपक्षांपैकी कोणीही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपुष्टात आणू शकेल.'*
- *'लॉक-इन कालावधीत जागा सोडता येणार नाही. करार संपुष्टात आणण्यास एक महिन्याची लेखी नोटीस आवश्यक राहील.'*

एजंट दोन्हींचा अर्थ 'सहा महिने राहा, मग महिनाभर आधी सांगून जा' असाच सांगेल. पहिल्या वाक्यात 'संपल्यानंतर' हा शब्द आहे. त्यावरून मालक म्हणू शकतो की नोटीसच मुळी 1 डिसेंबरला देता येते, म्हणजे तुम्ही 31 डिसेंबरला सुटता. दुसऱ्या वाक्याप्रमाणे 31 ऑक्टोबरला नोटीस देऊन 30 नोव्हेंबरला घर सोडता येतं. फरक एक महिन्याचा, 20,000 रुपयांचा. तुम्हाला दुसरा अर्थ हवा असेल तर स्पष्ट लिहून घ्या: *'नोटिशीचा महिना लॉक-इन कालावधीत धरता येईल.'*

'उभयपक्षांपैकी' हा शब्दही तपासा. काही मसुद्यांत लॉक-इन फक्त लायसन्सीवर असतं, मालक मात्र केव्हाही महिन्याच्या नोटिशीवर करार रद्द करू शकतो. सहा महिने तुम्ही बांधलेले आणि मालक मोकळा. लॉक-इन दोघांवर सारखं असावं, ही मागणी करायला अजिबात संकोच करू नका.

'लेखी' म्हणजे काय, हेही करारातच ठरवा. ईमेल किंवा व्हॉट्सॲप चालेल असं लिहिलेलं असेल तर प्रश्न मिटला. लिहिलेलं नसेल तर पोचपावती मिळेल अशी टपालाची नोटीस पाठवा आणि ईमेलही करा. फोनवर 'काका, मी पुढच्या महिन्यात जातेय' म्हटलं म्हणजे नोटीस झाली नाही.

डिपॉझिट: किती कापलं जाईल, आणि कधी मिळेल

*'सदर अनामत रक्कम बिनव्याजी व परतावायोग्य असून, जागेचा रिकामा ताबा देतेवेळी, थकबाकी व नुकसानभरपाई वजा जाता परत करण्यात येईल.'*

घरगुती भाषेत: व्याज मिळणार नाही, चावी देताना रक्कम परत मिळेल, पण तुमच्याकडे बाकी असलेलं आणि तुम्ही केलेलं नुकसान त्यातून कापलं जाईल.

या वाक्यात 'देतेवेळी' हा शब्द तुमच्यासाठी सोन्याचा आहे. एका हाताने चावी, दुसऱ्या हाताने पैसे. त्या जागी 'ताबा दिल्यानंतर 30 दिवसांत' असेल, तर महिनाभर तुमच्याजवळ ना घर ना पैसे. आणि 'नवीन लायसन्सी आल्यावर' असं काही असेल तर सही करू नका, कारण त्याला तारीखच नाही.

कपातीचं कलम नीट वाचलं की हिशेब कसा बदलतो ते बघा. शेवटचं वीजबिल 1,150 रुपये आहे आणि घराचं काही नुकसान झालेलं नाही. वरच्या कलमाप्रमाणे 58,850 रुपये परत मिळतात. आता त्यात एवढीच ओळ जोडा: *'रंगकामापोटी एक महिन्याचा मोबदला वजा करण्यात येईल.'* मग मिळतात 38,850. भिंती स्वच्छ असल्या तरी फरक पडत नाही, कारण ही कपात नुकसानासाठी नाही, ठरलेली आहे. 11 महिन्यांच्या राहण्यासाठी पूर्ण महिन्याचं भाडं रंगाला देणं मला रास्त वाटत नाही. ती ओळ काढायला सांगा. नाहीच जमलं तर 'प्रत्यक्ष खर्चाच्या पावतीनुसार, कमाल अमुक रुपये' असं करून घ्या.

'नुकसान' या शब्दापुढे *'नैसर्गिक झीज वगळून'* हे तीन शब्द हवेतच. वापराने नळाचा वॉशर झिजतो, भिंतीचा रंग उतरतो, पडद्याची कडी सैल होते. ही झीज. दरवाज्याला पडलेलं भोक किंवा फुटलेलं वॉश बेसिन हे नुकसान.

यावर वाद होऊ नये म्हणून राहायला जायच्या दिवशी, सामान आत नेण्याआधी, मोबाइलवर सगळ्या घराचं चित्रीकरण करा. भिंतींचे कोपरे, ओल, नळ, गिझर, फरशीचे तडे, विजेच्या मीटरचं रीडिंग. ते त्याच दिवशी मालकाला पाठवा आणि 'जागा या स्थितीत मिळाली' एवढं एक वाक्य सोबत लिहा. करारात बहुधा 'सर्व वस्तू चालू स्थितीत ताब्यात मिळाल्या' असं छापलेलं असतं. ते तुमच्या बाबतीत खरं नसेल, तर परिशिष्टात बंद पडलेल्या वस्तूंची नोंद करून घ्या.

शेवटचे तीन महिने भाडं भरायचं नाही आणि 'डिपॉझिटमधून कापा' म्हणायचं, असा सल्ला मित्र देतात. त्यामागची भीती मला समजते. पण करारात ती परवानगी नसेल तर पहिल्याच महिन्यात तुम्ही थकबाकीदार ठरता आणि थकबाकीवरून करार रद्द करण्याचा हक्क मालकाला मिळतो. हे करायचंच असेल तर मालकाची लेखी संमती आधी घ्या.

मुदत संपल्यावरचं कलम: यात अर्धं कायद्याचं, अर्धं मसुद्याचं

*'मुदत संपल्यावर जागा रिकामी न केल्यास लायसन्सी दुप्पट दराने नुकसानभरपाई देण्यास पात्र राहील, तसेच लायसन्सरला न्यायालयात न जाता लायसन्सीस व त्याचे सामान बाहेर काढण्याचा अधिकार राहील.'*

हे वाचून अनेकजण घाबरतात. 'तसेच' या शब्दाजवळ वाक्याचे दोन भाग करा.

पहिला भाग, दुप्पट भाड्याचा, मालकाच्या लहरीचा नाही. कलम 24 मध्येच मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई सांगितली आहे. करारातून ती ओळ खोडली तरी कायदा तिथेच राहतो. आपल्या उदाहरणात दिवसाला साधारण 667 रुपये पडतात, दुप्पट 1,333. नवं घर बारा दिवस उशिरा मिळालं तर सुमारे 16,000 रुपये. म्हणून उशीर होणार असं दिसताच, 30 एप्रिलच्या आत, 'अमुक तारखेपर्यंत नेहमीच्या दराने राहण्यास संमती' असं मालकाकडून लिहून घ्या.

दुसरा भाग वेगळा आहे, त्याला कायद्याचा आधार नाही. ताबा मिळवण्यासाठी कायद्याने मालकाला दिलेला रस्ता म्हणजे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज. हे भाडे नियंत्रण कायद्याखालचं स्वतंत्र आणि जलद कामकाज आहे. 'न्यायालयात न जाता' ही ओळ काढून 'कायदेशीर मार्गाने' असं करून घ्या. सक्षम प्राधिकाऱ्याचं समन्स तुम्हाला मिळालंच तर तारीख लिहून ठेवा, कारण बाजू मांडण्याची परवानगी मागणारं प्रतिज्ञापत्र 30 दिवसांत द्यावं लागतं. ते दिलं नाही तर मालकाचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे असं धरलं जातं.

नूतनीकरणाची ओळही याच जागी असते: *'परस्पर संमतीने कराराचे नूतनीकरण करता येईल.'* याचा अर्थ 'करार वाढवून मिळेल' असा नाही. दोघांनाही हवं असेल तरच वाढेल, एवढाच आहे. आणि वाढवायचा म्हणजे पुन्हा नवा करार, पुन्हा नोंदणी.

उरलेली लहान कलमं

- पाहणी: मालकाला घर पाहायला येण्याचा हक्क असतो. 'वाजवी पूर्वसूचना देऊन' हे शब्द आहेत का पाहा. 24 तास आधी कळवून, असं नेमकं लिहिलं तर उत्तम.
- सोसायटीचे पैसे: मेंटेनन्स भाड्यात धरला आहे की वेगळा, हे स्पष्ट हवं. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जो बिनभोगवटा आकार घेते, तो मालकाने भरायचा असं लिहून घ्या. हा आकार सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.
- दुरुस्ती: वायरिंग, गळती, पाइपलाइन मालकाकडे, बल्ब, वॉशर तुमच्याकडे. मधलं सगळं वादाचं, म्हणून रकमेची रेघ ओढा: उदाहरणार्थ, एका वेळी 500 रुपयांपर्यंत तुम्ही, पुढे मालक.
- पाहुणे आणि रूम पार्टनर: 'पोटभाड्याने देणार नाही' यात मैत्रिणीला भाड्यात वाटेकरी करून घेणंही येतं. ती पुढे येणार असेल तर तिचं नाव आत्ताच करारात घाला.

अंगठा देण्याआधी

हल्ली एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच येतो. आधार क्रमांक, अंगठा, फोटो, झालं. पंधरा मिनिटांत उरकतं आणि मसुदा वाचायला वेळच मिळत नाही. म्हणून मसुद्याची प्रत दोन दिवस आधी मागा. तुम्ही सुचवलेले बदल त्यात आले आहेत की नाही, हे पडद्यावर अंगठ्याच्या आधी पाहा. एजंटने जुनाच मसुदा चढवलेला असणं अगदी नेहमीचं आहे. नाव, मुदतीच्या दोन्ही तारखा, भाडं आणि डिपॉझिटचे आकडे, दिलेल्या डिपॉझिटचा बँक व्यवहार क्रमांक, एवढं मोठ्याने वाचून घ्या. डिपॉझिट रोखीने देऊ नका.

नोंदणी झाल्यावर दुय्यम निबंधक कार्यालयाच्या नोंदीसह पूर्ण करार तुमच्या ईमेलवर मागवून घ्या, फक्त शेवटचं पान नको. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचं काम मालकाचं असतं. ते झाल्याची प्रत त्याच्याकडून घेऊन याच फाइलमध्ये ठेवा. घर सोडताना तुम्ही चावी द्याल तेव्हा एका साध्या कागदावर तारीख, मीटर रीडिंग, परत मिळालेली रक्कम आणि दोघांच्या सह्या घ्या. दुप्पट भाड्याचा हिशेब ज्या दिवशी थांबतो, त्या दिवसाचा तुमच्याजवळचा पुरावा म्हणजे हा कागद.